साठ भागिले दोन

इंजिनिअरिंग कॉलेजात मुलं शिकायला येतात, सर शिकवायला येतात, आणि पीपीटी त्या दोघांच्याही आधीपासून तिथे असते. ती कोणी केली हे कुणालाच माहीत नसतं. आजीच्या पितळी पातेल्यासारखी ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते. पातेल्याला निदान अधूनमधून कल्हई तरी होते. मी नोकरीला लागलो त्या दिवशी एका ज्येष्ठ सरांनी मला स्टाफरूममध्ये चहा पाजला आणि पेनड्राइव्ह हातात ठेवला. त्यातल्या फाइलचं नाव होतं SOM_Unit3_final_FINAL2_new.ppt. दोनदा फायनल होऊनही जी नवीच राहिली, ती फाइल गेली कित्येक वर्षं मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे उघडतो आहे.

विषय स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, मुलांच्या भाषेत एसओएम. युनिट तिसरं, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट. म्हणजे साध्या शब्दांत, दोन टेकूंवर आडवी तुळई ठेवली आणि तिच्यावर वजन टाकलं तर तिच्या पोटात नक्की काय होतं.

या पीपीटीचा क्रम सत्यनारायणासारखा ठरलेला आहे. आधी संकल्पना, मग उदाहरण, मग सोडवलेलं गणित. म्हणजे पूजा, कथा आणि प्रसाद. पूजेला यजमान सोडून कोणाचं लक्ष नसतं, कथा चालू असताना मंडळी एकमेकांच्या बदल्या आणि बढत्या विचारून घेतात, आणि प्रसादाच्या वेळी मात्र कुठून कुठून माणसं उगवतात. माझ्या वर्गातही पहिल्या पंधरा मिनिटांत तीस डोकी असतात. पडद्यावर ‘सोडवलेलं गणित क्र. १’ आलं की दारातून आणखी वीस जण ‘मे आय कम इन सर’ करत आत येतात. प्रसादाची वेळ त्यांना कोण कळवतं, याचा शोध अजून लागलेला नाही.

पूजेपासून सुरुवात करू. संकल्पनेच्या स्लाइडवर डावीकडे व्याख्या आहे: बेंडिंग मोमेंट म्हणजे तुळईच्या एखाद्या छेदाच्या कुठल्याही एका बाजूला असलेल्या सर्व बलांच्या त्या छेदाभोवतीच्या मोमेंटांची बैजिक बेरीज. या वाक्यात चूक एकही नाही आणि त्यातून कोणाला काही समजल्याचं उदाहरणही नाही. मुलं ती वहीत उतरवतात, खाली दोन रेघा मारतात आणि तिचा विषय कायमचा मिटवतात.

उजवीकडे मात्र एक सुंदर जुनं चित्र आहे. पडकी दगडी भिंत, तिच्या फटींतून झाडोरा उगवलेला, भिंतीतून बाहेर आलेला एक लाकडी वासा आणि त्याच्या टोकाला टांगलेलं वजन. हे गॅलिलिओच्या १६३८ साली लायडनला छापलेल्या पुस्तकातलं चित्र. वासा कधी मोडेल, हा त्याचा प्रश्न. त्याने उत्तर काढलं की ताकद वाशाच्या रुंदीच्या पटीत आणि उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. हे अगदी बरोबर आहे; म्हणूनच फळी आडवी टाकण्यापेक्षा उभ्या कडेवर ठेवली तर जास्त वजन पेलते. पण वासा मोडताना तो सगळाच्या सगळा ताणला जातो आणि खालच्या कडेभोवती फिरतो, असं त्याने धरलं. खरं तर वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मध्ये कुठेतरी दोन्हींतलं काहीच होत नाही. त्यामुळे भागाकारात जिथे ६ यायला हवे होते तिथे त्याच्याकडे २ आले, आणि वाशाची ताकद तिप्पट निघाली. पॅराँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १७१३ मध्ये हे दुरुस्त केलं तर कोणी लक्ष दिलं नाही. १७७३ मध्ये कुलोमला ते पुन्हा मांडावं लागलं. हे मी दरवर्षी सांगतो. त्या वेळी वर्गात पूजेतली शांतता असते. म्हणजे लोक झोपलेले असतात.

मग कथा. उदाहरणाच्या स्लाइडवर ‘सिंप्ली सपोर्टेड बीम’ या मथळ्याखाली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचा रंगीत फोटो आहे. सिंप्ली सपोर्टेड म्हणजे दोन टोकांना नुसती टेकलेली तुळई. गोल्डन गेट आहे झुलता पूल. तो दोन मनोऱ्यांवरून गेलेल्या जाडजूड केबलींना टांगलेला आहे. म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धोतर दाखवून ‘हे पाटाचं उदाहरण’ म्हणण्यापैकी हा प्रकार. पण फोटो इतका देखणा आहे की तो काढायला कोणाचा हात धजत नाही. आणि मुलांनी हरकत घेतलेली नाही, कारण कथेला हरकत घ्यायची नसते.

खरं उदाहरण स्टाफरूममध्येच आहे. कपाटातली वरची फळी जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टांच्या ओझ्याने मधोमध झोळीसारखी खाली आली आहे. तिच्या खालच्या अंगाला हात लावला तर हाताला बारीक भेगा लागतात, वरच्या अंगाला नाहीत. कारण खालची बाजू ताणली जाते आहे आणि वरची दाबली जाते आहे. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताणात ते अगदीच लेचंपेचं. म्हणून दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळया तळाशी बांधतात. तीच स्लॅब भिंतीबाहेर काढून गॅलरी केली की गॅलिलिओचा वासा होतो: वाकणं उलटं, ताण वर, म्हणून सळयाही वर. ओतकाम चालू असताना माणसं त्या वरच्या सळयांवरून चालली आणि त्या खाली दबल्या, तर गॅलरी दिसायला ठीक राहते आणि सळई असून नसल्यासारखी होते. यावर पीपीटीत एवढंच आहे: ‘सॅगिंग पॉझिटिव्ह, हॉगिंग निगेटिव्ह.’ गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला त्या उणे चिन्हाची किंमत जास्त कळेल.

आता प्रसाद. सोडवलेलं गणित क्रमांक एक.

सहा मीटरची तुळई. डावं टोक A, उजवं टोक B, दोन्हीकडे टेकू. A पासून पहिल्या चार मीटरवर सारखा पसरलेला भार, मीटरला १० किलोन्यूटन. शिवाय एका ठिकाणी २० किलोन्यूटनचा एकच बोजा. दोन्ही टेकू किती उचलतात, आणि तुळई सर्वांत जास्त कुठे वाकते, म्हणजे मोमेंट सर्वांत जास्त कुठे?

मला फाइल मिळाली तेव्हा हा बोजा A पासून ४ मीटरवर होता. उत्तरं यायची ३३.३३ आणि २६.६७. पुढे तर बघवत नव्हतं. सर्वांत मोठा मोमेंट ३.३३ मीटरवर ५५.५६. मुलं दशांशचिन्हानंतर कुठे थांबायचं यावर भांडत आणि मूळ गणित बाजूला राही. गणितं तयार करणारे आम्ही लोक तसेही उलटे चालतो. आधी सुटसुटीत उत्तर बघतो आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न पाहतो, मुलगा बघून हुंडा ठरवावा तसं. म्हणून पहिल्याच वर्षी मी कल्हई केली. बोजा एक मीटर उजवीकडे, ५ मीटरवर सरकवला. लगेच डाव्या टेकूवर ३०, उजव्या टेकूवर ३०. सर्वांत मोठा मोमेंट बरोबर ३ मीटरवर, ४५. सगळं गोल, सगळं गुळगुळीत. मी खूश झालो. माझी त्या फाइलमधली ही एकमेव भर.

अनेक वर्षं हे गणित सुखाने नांदलं. मग एका युनिट टेस्टला मी ते आकड्यांसकट तसंच दिलं, जे सगळेच करतात, आणि सत्तर पेपर तपासायला बसलो. सत्तर पेपर तपासताना माणूस वाचत नाही, तो उत्तरं शोधतो. तीस, तीस, पंचेचाळीस दिसले की दहापैकी दहा. एका पेपरावर असेच दहा दिले आणि पुढे दोन पेपर गेल्यावर माझा पेन थांबला. मागे येऊन पाहिलं. टेकूंची रिअॅक्शन काढायला इतरांनी सहा ओळी लिहिल्या होत्या. या मुलाने एकच:

६० ÷ २ = ३०

आणि शेवटी लिहिलं होतं, ‘सर्वांत मोठा मोमेंट मध्यावर असतो, म्हणून ३ मीटरवर.’ बाकी आकृत्या सुबक, पट्टीने काढलेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. शेवटून दुसऱ्या बाकावरचा, बोलायला गरीब.

“हे काय केलंस रे?”

“सर, एकूण भार साठ. चाळीस आणि वीस. टेकू दोन. अर्धे अर्धे.”

“अरे, पण भार कुठे ठेवलाय ते बघायचं की नाही? खाट दोघांनी उचलली आणि माणूस उशाशी बसला असेल तर दोघांना सारखं ओझं होईल का?”

त्याने थोडा विचार केला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, “पण सर, उत्तर बरोबर आहे ना?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर बरोबर होतं.

स्टाफरूममध्ये येऊन कागद घेतला. पसरलेला भार एकूण चाळीस. टेकूंच्या हिशेबापुरता तो त्याच्या मधोमध, म्हणजे A पासून २ मीटरवर, एकवटलेला धरायचा. तुळईचा मध्य ३ मीटरवर. म्हणजे चाळीसचं ओझं मध्याच्या एक मीटर डावीकडे, आणि मी प्रेमाने सरकवलेलं वीसचं ओझं मध्याच्या दोन मीटर उजवीकडे. एक गुणिले चाळीस, दोन गुणिले वीस. बागेतल्या सी-सॉवर एका बाजूला वडील दांडीच्या जवळ बसले आहेत आणि दुसऱ्या बाजूला मुलगी टोकाला, आणि दोघं हवेत तोलून स्थिर. मी दशांशचिन्ह घालवायच्या नादात सी-सॉ बांधला होता. त्यावर भार असमान दिसतो, पण टेकूंना तो मध्यावर ठेवल्यासारखाच लागतो. अर्धे-अर्धे करणारा बरोबर येणार, आणि ‘सर्वांत मोठा मोमेंट मध्यावर’ असं घोकणाराही बरोबर येणार. यांपैकी कुठलीही चुकीची पद्धत वापरा, गणित तुम्हाला हसतमुखाने पास करेल.

एकच चूक हे गणित पकडत होतं. पसरलेला भार एकवटलेला धरायची सवलत फक्त टेकूंपुरती असते. तुळईच्या आतला मोमेंट काढताना कोणी ती चालू ठेवली तर २ मीटरवर उत्तर ६० येतं, जिथे खरं ४० आहे. ही चूक दरवर्षी दहा-बारा जण करत आणि मी त्यांचेच मार्क कापत होतो. म्हणजे अर्धवट विचार करणारे पकडले जात होते आणि अजिबात न करणारे सुटत होते.

पुढच्या तासाला ठरवलं की वर्गातच बोजा सरकवून दाखवायचा. पीपीटी उघडली, बाणावर क्लिक केलं, तर तुळई, टेकू, बाण, आकडे सगळं एकाच चित्रात चिकटलेलं. कोणीतरी कोण्या काळी पुस्तकाचं पान स्कॅन करून डकवलं होतं आणि माझी ‘कल्हई’ म्हणजे त्यावर चिकटवलेली एक पांढरी चौकट आणि तिच्यात टाइप केलेला ‘५ मी.’ होता. पडद्यावरची तुळई हलेना. शेवटी पडदा गुंडाळला आणि त्यामागचा फळा वर आला. खडू पेटीत होता, हेच आश्चर्य.

तुळई काढली, बोजा २ मीटरवर ठेवला. त्या मुलाला फळ्याजवळ बोलावलं.

“तुझ्या पद्धतीने कर.”

त्याने निश्चिंतपणे तीस-तीस लिहिलं आणि शिअरची आकृती काढायला घेतली. A पाशी ३० पासून सुरुवात. दोन मीटरमध्ये पसरलेल्या भाराने २० खाल्ले, उरले १०. तिथे २०चा बोजा, म्हणून उणे १०. चार मीटरपर्यंत आणखी २० गेले, उणे ३०. पुढे सपाट रेघ, आणि B पाशी टेकूने ३० वर ढकलले. शून्य. आकृती कुलूप लागावं तशी बंद झाली. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. वर्गही त्याच्या बाजूने होता. मला ते हसण्याच्या आवाजावरून कळलं.

शिअरची आकृती बंद होणारच होती. ती फक्त एवढंच तपासते की वर ढकलणारं आणि खाली दाबणारं मिळून हिशेब चुकता झाला का. साठ खाली, साठ वर. तीस-तीस करा, पन्नास-दहा करा, तिला फरक पडत नाही. कोण कुठे उभा आहे हे तिला दिसतच नाही.

“आता B पाशी मोमेंट काढ.”

मला शिकवणारे जुने सर इथे हजेरीचं रजिस्टर घेत आणि तुळईचा उजवा भाग त्याने झाकून टाकत. म्हणत, “हा तुकडा आता नाहीच. मग डावा तुकडा कोणाच्या भरवशावर उभा आहे?” व्याख्येतल्या ‘छेदाच्या एका बाजूला’ या शब्दांचा एवढाच अर्थ आहे, आणि तो स्लाइडवर कधीच येत नाही, कारण स्लाइडवर छेद आधीच घेतलेला असतो. कुठे कापायचं हा खरा विचार. तो पडद्यामागे कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. मुलांच्या वाट्याला फक्त बेरीज येते.

माझ्याकडे रजिस्टर नव्हतं, म्हणून डस्टर B च्या पुढे धरला. मुलाने डाव्या बाजूचा हिशेब मांडला. डाव्या टेकूचे ३० गुणिले सहा मीटर, १८०. पसरलेले चाळीस B पासून चार मीटरवर, १६०. बोजा वीस, तोही चार मीटरवर, ८०. एकशे ऐंशीतून दोनशे चाळीस गेले.

“उणे साठ,” तो म्हणाला, आणि खडू हातात तसाच राहिला.

“आणि B च्या पलीकडे काय आहे?”

“काही नाही, सर.”

“मग हे साठ कोण धरून ठेवतंय?”

B ला टेकू आहे, पकड नाही. टेकलेल्या टोकाला तुळई मोकळेपणाने फिरू शकते, म्हणून तिथे मोमेंट शून्यच यायला हवा. साठ उरले याचा अर्थ वाटणी चुकली आहे, आणि प्रत्यक्षात ती तुळई तशी राहूच शकत नाही. आता त्याने A भोवती हिशेब केला: चाळीस गुणिले दोन, अधिक वीस गुणिले दोन, एकशे वीस, भागिले सहा. B वर २०, म्हणून A वर ४०. शिअर दोन मीटरवर शून्याला टेकला आणि सर्वांत मोठा मोमेंटही तिथेच, ६०. मध्यावर, ३ मीटरवर, ५५. पाचाच्या फरकाने ‘सर्वांत मोठा मोमेंट मध्यावर’ हा मंत्रही गेला. शेवटी त्याने न सांगता B पाशी पुन्हा बेरीज केली. दोनशे चाळीसातून दोनशे चाळीस. शून्य.

जागेवर परत जाताना तो थांबला. “सर, तो भिंतीतला वासा. त्या माणसाची पण पद्धत चुकली होती ना?”

इतक्या वर्षांत पूजेच्या स्लाइडवर आलेला हा पहिला प्रश्न. मी हो म्हटलं.

“मग त्याला दहापैकी किती दिले असते?”

मी खरोखरच हिशेब करू लागलो. रुंदीला पूर्ण, उंचीच्या वर्गाला पूर्ण, खालच्या दोनाबद्दल वजा. “सहा,” मी म्हणालो, आणि त्या आकड्याची गंमत माझ्या लक्षात यायच्या आत तो चेहरा पाडून म्हणाला, “मग माझे दहातून सहा करणार?”

केले नाहीत. त्या पेपरात चूक त्याची होती, पण ती चूक झाकणारा बोजा मी सरकवला होता. स्लाइडही आता बदलली आहे. बोजा २ मीटरवर आहे आणि पांढऱ्या चौकटीवर आणखी एक पांढरी चौकट चिकटली आहे. फाइलच्या नावात FINAL3 आलं आहे. गोल्डन गेट तसाच आहे.

पुढच्या टेस्टला आकडे नवे होते. त्या मुलाने सहा ओळींत रिअॅक्शन काढल्या, आकृत्या काढल्या, आणि तळाशी चौकट करून लिहिलं: ‘B पाशी मोमेंट = ०. तपासलं.’ त्याच्या खाली पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात: ‘सर, या वेळी काही सरकवलं नाहीत ना?’